लेबलवरचा आकडा आणि भंडारदऱ्याची रात्र

दिवाळी सरली की ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत गर्दी वाढते. कुणाला पवनेच्या काठी राहायचं असतं, कुणाला भंडारदऱ्याला, कुणाला डिसेंबरात उत्तराखंडमधल्या केदारकंठ्याला जायचं असतं. खरेदीची यादी बहुतेकांची सारखीच असते, एक तंबू आणि माणशी एक स्लीपिंग बॅग. दुकानात मात्र आकड्यांचा गोंधळ सुरू होतो. एका बॅगेवर ठळक अक्षरांत '०°' असतं, शेजारच्या बॅगेवर '५°', तिसरीवर 'उणे १० ते १०'. तंबूच्या खोक्यावर '२००० मिमी' असतं, दुसऱ्यावर नुसतंच 'वॉटरप्रूफ'. किमती हजारापासून पंधरा-वीस हजारांपर्यंत जातात. अशा वेळी बहुतेक लोक आकडा मोठा, किंमत कमी आणि रंग छान असं काहीतरी उचलतात.

यातला प्रत्येक आकडा कुठल्यातरी मोजणीतून आलेला असतो, किंवा आलेला नसतो. तो कसा मोजला आणि कुणाच्या शरीरासाठी मोजला, हे एकदा समजलं की निवड फारशी अवघड राहत नाही. ब्रँडची विश्वासार्हता म्हणतात तीही इथेच तपासता येते.

तापमान मोजतं कोण?

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता तयार करत नाही. आपल्या शरीराची उष्णता ती अडवून ठेवते. म्हणून 'ही बॅग पाच अंशांची' या वाक्याला तसा काही अर्थ नाही. आत कोण झोपलंय, अंगात काय घातलंय आणि खाली काय अंथरलंय, हे ठरवल्याशिवाय बॅगेला तापमान देताच येत नाही.

फार वर्षं प्रत्येक कंपनी हे आपापल्या मनाने ठरवत असे. मग युरोपने त्यासाठी ईएन १३५३७ नावाचं मानक आणलं आणि पुढे त्याच पायावर आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं. या चाचणीसाठी प्रयोगशाळेत माणसाच्या आकाराचा एक पुतळा असतो. त्याच्या अंगात विजेचे हीटर बसवलेले असतात आणि त्याची 'त्वचा' माणसाच्या त्वचेइतकी गरम ठेवली जाते. त्याला लांब बाह्यांचे आतले कपडे आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे घालतात, खाली उष्णता रोखणारी मॅट टाकतात, बॅगेत झोपवून चेन लावतात आणि थंड केलेल्या खोलीत ठेवतात. पुतळ्याची त्वचा गरम राहावी म्हणून किती वीज लागते, हे मोजलं जातं. वीज जितकी कमी लागेल तितकी बॅग ऊबदार. या एका मोजणीवरून, माणसाचं शरीर झोपेत किती उष्णता निर्माण करतं याचं गणित मांडून, वेगवेगळी तापमानं काढतात.

त्यातली तीन आपल्या कामाची. पहिलं 'कम्फर्ट', म्हणजे सरासरी बांध्याची स्त्री अंग सैल सोडून, थंडीने न कुडकुडता रात्रभर झोपू शकेल ते तापमान. दुसरं 'लिमिट', म्हणजे सरासरी बांध्याचा पुरुष पाय पोटाशी घेऊन, अंग आखडून जेमतेम झोप काढू शकेल ते तापमान. तिसरं 'एक्स्ट्रीम'. याचा झोपेशी काही संबंध नाही. त्या थंडीत ती स्त्री सुमारे सहा तास हायपोथर्मियाने न मरता तग धरेल, एवढाच त्याचा अर्थ. हातापायांची बोटं हिमदंशापासून वाचतील याचीही हमी त्यात नाही.

एकाच बॅगेचे हे तीन आकडे एकमेकांपासून बरेच लांब असतात. शून्य अंश कम्फर्ट असलेल्या बॅगेचं लिमिट उणे पाचच्या आसपास येतं आणि एक्स्ट्रीम उणे वीसच्याही खाली जाऊ शकतं. मग विक्रेत्याने यातला कोणता आकडा मोठ्या अक्षरांत छापायचा? मानक पाळणाऱ्या कंपन्याही इथे वेगवेगळ्या वागतात. काही कम्फर्टवरून बॅगेचं नाव ठेवतात, काही लिमिटवरून. मानक न पाळणारे तर थेट 'उणे १०' छापून मोकळे होतात.

म्हणून दुकानात पहिलं काम हे, की ठळक आकडा सोडून द्यावा आणि पिशवीवर किंवा आतल्या शिवलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत 'कम्फर्ट' शोधावं. तो शब्द, त्यापुढचं तापमान आणि मानकाचा क्रमांक, हे तिन्ही तिथे असतील तर पुढचं बोलणं करण्यात अर्थ आहे.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. लहान मुलांच्या बॅगांसाठी ती नाही, कारण पुतळा प्रौढ माणसाचा आहे आणि मूल उष्णता वेगळ्या वेगाने गमावतं. एव्हरेस्टसारख्या मोहिमांच्या अतिथंडीच्या बॅगाही तिच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय 'सरासरी' माणूस म्हणजे आपण नव्हे. उपाशीपोटी झोपलेला, दिवसभराच्या चालीने पार थकलेला, वयाने मोठा किंवा अंगाने किडकिडीत माणूस त्या पुतळ्याच्या आधी गारठतो.

भंडारदऱ्याचं एक उदाहरण

समजा, नाशिकचं एक जोडपं जानेवारीत भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठी एक रात्र राहणार आहे. हवामानाच्या अंदाजात त्या भागाचं किमान तापमान ९ अंश दिसतंय.

हा ९ अंशांचा आकडा जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. आपण झोपणार जमिनीलगत. जानेवारीत आकाश निरभ्र असतं, त्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता वर आकाशाकडे सोडून झपाट्याने गार होते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन उतारावरून घरंगळत सखल भागात साठते. जलाशयाचा काठ हा बहुतेक वेळा असाच सखल भाग असतो. तिथे पहाटे अंदाजापेक्षा तीन-चार अंश कमी धरावेत. म्हणजे हिशेब ५ अंशांचा झाला. तंबूच्या आत दोन माणसांच्या ऊबेने दोन-तीन अंश वाढतात, पण ते हिशेबात न धरता राखीव ठेवणं बरं.

आता त्यांच्यासमोर तीन बॅगा आहेत. पहिलीवर मोठ्या अक्षरांत '०°' आहे आणि बारीक अक्षरांत कम्फर्ट ५, लिमिट ०. दुसरीवर मोठ्या अक्षरांत '५°' आहे आणि बारीक अक्षरांत कम्फर्ट ५, लिमिट ०. तिसरीवर 'उणे १० ते १०' एवढंच छापलंय, वजन ९०० ग्रॅम, आत पॉलिएस्टरचा कापूस, मानकाचा उल्लेख नाही.

पहिल्या दोन बॅगा ऊबेला सारख्याच आहेत. ठळक आकड्यावर विसंबलं तर पहिली पाच अंशांनी जास्त गरम वाटेल आणि कदाचित तिच्यासाठी जास्त पैसेही मोजले जातील. तिसरीचा दावा वजनावरून पडताळता येतो. पॉलिएस्टरचा कापूस भरून शून्य अंश कम्फर्ट मिळवायचं तर बॅगेचं एकूण वजन साधारण दीड ते दोन किलो होतं. ९०० ग्रॅममध्ये कापड आणि चेन वजा जाता कापूस फारसा उरतच नाही. अशी बॅग पंधरा अंशांच्या आसपासच्या रात्रीला ठीक. उणे १० या आकड्याला तिथे काही आधार नाही. वजनाचा हा ताळा लेबल नसलेल्या प्रत्येक बॅगेला लावता येतो. फक्त आत कापूस आहे की बदकाची पिसं, हे पाहून घ्यावं, कारण पिसांची बॅग तेवढीच ऊब बऱ्याच कमी वजनात देते.

बायकोसाठी कम्फर्ट ५ ची बॅग घ्यावी. नवऱ्याला, थंडी फार बाधत नसेल तर, कम्फर्ट ८ ते १० ची बॅग आणि अंगात फ्लीसचं जॅकेट एवढ्यावर भागेल. शून्य कम्फर्टची बॅग दोघांनाही घेता येईल, पण तिचा इथे उपयोग कमी. सह्याद्रीत वर्षातल्या बहुतेक रात्री १५ अंशांच्या वर असतात आणि तिथे जाड बॅगेत घाम येतो. घामाने कपडे ओले झाले की पहाटे उलट जास्त थंडी वाजते. हिवाळ्यात केदारकंठ्याला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तो माथा सुमारे ३८०० मीटरवर आहे आणि खालच्या मुक्कामावरही रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. तिथे ट्रेक नेणारी संस्थाच सहसा बॅगा पुरवते. निघण्याआधी संस्थेला 'बॅगेचं कम्फर्ट किती?' एवढं जरूर विचारावं. 'उणे १० ची आहे' हे उत्तर पुरेसं नाही, ते लिमिटही असू शकतं आणि एक्स्ट्रीमही.

बदकाची पिसं की कापूस, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे बहुधा हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. पिसं हलकी आणि ऊबदार असतात, पण भिजली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जवळजवळ नाहीशी होते. वाळवायलाही वेळ लागतो. कापसाची बॅग जड असते, पण दमट झाली तरी बरीच ऊब टिकवते आणि घरी धुता येते. पवना, भंडारदरा, कोकण, जुन्नर-अकोल्याचा घाट, या सगळ्यांसाठी कापूस. वर्षातून एकदा तरी हिमालयात जाणाऱ्याने पिसांचा विचार करावा.

पाठीखालची थंडी

इतकं करूनही ते जोडपं पहाटे तीनला कुडकुडत उठू शकतं, कारण त्यांनी खाली घरातली प्लॅस्टिकची चटई अंथरली आहे.

बॅगेतल्या कापसात किंवा पिसांत अडकलेली हवा ऊब राखते. अंगाखाली तोच कापूस दाबला जातो, हवा निघून जाते आणि पाठीखाली बॅग म्हणजे कापडाचे दोन थर उरतात. खालची जमीन रात्रभर शरीरातली उष्णता शोषत राहते. प्रयोगशाळेतल्या पुतळ्याखाली चांगली मॅट होती, म्हणूनच बॅगेवरचा आकडा खरा ठरला होता. मॅट काढून घेतली की तो आकडा लागू राहत नाही. कम्फर्ट ५ ची बॅग उघड्या चटईवर ५ अंशांना ऊब देणार नाही.

मॅटची ऊब 'आर-व्हॅल्यू' या आकड्यात मोजतात. आकडा जितका मोठा, तितका उष्णतेला अडथळा जास्त. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या, घड्या घालता येणाऱ्या चांगल्या फोमच्या मॅटचा आर साधारण दोन असतो आणि सह्याद्रीतल्या हिवाळ्याला तेवढा पुरतो. बर्फावर झोपायचं तर चार-पाचच्या घरात हवा. यातली सोयीची गोष्ट अशी की दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांच्या आकड्यांची बेरीज होते. हवा भरायची साधी गादी मऊ वाटते, पण आतली हवा मोकळी फिरते आणि वरची ऊब खाली पोचवते. आत ऊब अडवणारा थर नसेल तर अशी जाड गादीही पातळ फोमपेक्षा थंड पडते. गादीवर आर-व्हॅल्यू छापलेली नसेल तर ती थंडीसाठी नाही असंच धरावं.

दोन मीटर पाणी

तंबूवरचा '२००० मिमी' हा आकडा पाण्याच्या दाबाचा आहे. कापडाचा तुकडा एका उपकरणात घट्ट बसवतात आणि त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. कापडाच्या कोरड्या बाजूला तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबतात. त्या वेळचा दाब जितक्या उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, तितके मिलिमीटर. २००० मिमी म्हणजे त्या कापडाने दोन मीटर उंच पाण्याचा दाब सोसला. विहिरीत दोन मीटर खोलीवर जेवढा दाब असतो तेवढाच हा.

नुसता पाऊस एवढा दाब देत नाही. म्हणून वरच्या कापडाला, म्हणजे 'फ्लाय'ला, नवं असताना १५०० मिमीही चालतं. पण कापडाला जलरोधक करणारा पॉलियुरेथेनचा लेप उन्हाने, घड्यांनी आणि ओलीने झिजतो. सह्याद्रीतला पाऊस तासभर पडून थांबणारा नसतो आणि वाऱ्याबरोबर तो कापडावर आदळत राहतो. त्यासाठी दोन ते तीन हजारांचं कापड घ्यावं. पाच हजारांच्या फ्लायसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

तळाचं तसं नाही. ओल्या जमिनीवर तंबूत गुडघे टेकून बसलं की काय होतं, हे साध्या गणिताने कळतं. साठ किलोच्या माणसाचं वजन दोन गुडघ्यांवर आलं तर एका गुडघ्यावर तीस किलो. गुडघ्याखालची जागा साधारण साठ चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलो. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब, मग अर्धा किलो म्हणजे पाच मीटर, ५००० मिमी. दोन हजारांच्या तळातून अशा वेळी जमिनीचं पाणी वर येणारच, आणि माणसं तंबू गळतो म्हणून वरच्या कापडाला दोष देतात. खोक्यावर फ्लाय आणि तळ यांचे आकडे वेगळे दिलेले असतात. तळाचा पाच हजारांच्या आसपास असावा, किंवा ताडपत्रीसारखं पॉलिथिलीनचं जाड कापड असावं. तेही नसेल तर खाली वेगळं प्लॅस्टिक अंथरावं. ते तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी वीतभर लहान हवं. बाहेर डोकावणाऱ्या प्लॅस्टिकवर पाऊस साठतो आणि ते पाणी सरळ आपल्या पाठीखाली येतं.

शिवण, टोपण आणि गच्ची

कापड कितीही चांगलं असलं तरी तंबू शिवलेला असतो आणि सुईने पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. म्हणून चांगल्या तंबूत शिवणींवर आतून पारदर्शक किंवा करड्या रंगाची पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. दुकानात तंबू उलगडून फ्लायची आतली बाजू पाहावी. पट्टी प्रत्येक शिवणीवर आहे का, कोपऱ्यात जिथे तीन-चार तुकडे एकत्र येतात तिथे ती नीट बसलीय का, कड नखाने उचलली जाते का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. स्वस्त तंबूंत वरच्या मोठ्या शिवणींना पट्टी असते आणि दाराच्या चेनीजवळ, दोऱ्या बांधायच्या टाक्यांपाशी नसते. पाणी तिथूनच येतं.

दुसरी गोष्ट फ्लायच्या आकाराची. स्वस्त गोल तंबूंवर फ्लाय टोपीसारखा फक्त वरच्या जाळीपुरता असतो आणि बाजूच्या भिंती एकेरी कापडाच्या असतात. कोरड्या रात्रीला हे चालतं. काजवे पाहायला मे-जूनमध्ये जाणाऱ्यांना अवकाळी आणि वळवाचा पाऊस गाठतोच. त्यांना फ्लाय जमिनीपर्यंत येणारा आणि आतल्या तंबूपासून सगळीकडे सुटा राहणारा हवा.

तंबू विकत घेतला की पहिल्याच दिवशी गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत तो उभारावा. दोऱ्या ताणून बांधाव्यात, आत शिवणींखाली आणि कोपऱ्यांत टिश्यू पेपर ठेवावेत आणि बागेच्या नळीला झारी लावून वीस-पंचवीस मिनिटं वरून पाणी सोडावं. पाणी जोराने मारू नये, वरून पावसासारखं पडू द्यावं. नंतर कुठला कागद ओला झाला ते पाहावं. शिवणीत दोष असेल तर दुकान तंबू परत घेण्याच्या मुदतीत हे कळतं. एखाद-दुसरी शिवण झिरपत असेल तर सीम सीलर नावाचं द्रव्य ब्रशने लावून ती बंद करता येते. मात्र कापडाला सिलिकॉनचा लेप असेल तर सिलिकॉनचाच सीलर लागतो, दुसरा त्यावर धरत नाही.

गळतीची तक्रार पुष्कळदा गळतीची नसतेच. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पेलाभर किंवा त्याहून जास्त पाणी वाफेच्या रूपात सोडतो. दोघांचं मिळून ते अर्ध्या लिटरच्या घरात जातं. जलाशयाकाठची हवा आधीच दमट असते. ही वाफ फ्लायच्या गार कापडाला लागून पाणी होते. दोन्हींतला फरक बोटाने कळतो. फ्लायच्या आतल्या सगळ्या पृष्ठभागावर एकसारखा ओला थर असेल तर ते दव आहे. एकाच शिवणीवर ओळीने थेंब लोंबत असतील किंवा एकाच कोपऱ्यात पाणी साचलं असेल तर ती गळती आहे. दवावर उपाय एकच, वरची झडप आणि दाराची वरची बाजू थोडी उघडी ठेवायची. थंडी आत येईल म्हणून सगळं बंद केलं की सकाळी बॅगेचं पायाकडचं टोक ओलं मिळतं. तंबू पाण्याच्या अगदी काठावर न लावता थोड्या चढावर, झाडांच्या आडोशाला लावला तर दव आणि थंडी दोन्ही कमी होतात.

ब्रँडवर विश्वास कशाच्या जोरावर?

बाजारात आज तीन प्रकारचा माल आहे. डेकॅथलॉनसारख्या साखळी दुकानांचे स्वतःचे ब्रँड, जसं केचुआ. वाइल्डक्राफ्टसारख्या भारतीय कंपन्यांचा आणि कोलमनसारख्या जुन्या परदेशी नावांचा माल. आणि ऑनलाइन दुकानांत एकच छायाचित्र दहा वेगवेगळ्या नावांखाली दिसतं तो निनावी माल. यातलं बरंचसं कापड आणि शिवणकाम चीन, व्हिएतनाम, बांगलादेशात होतं, त्यामुळे माल कुठे तयार झाला यावरून प्रत कळत नाही. नावाजलेल्या कंपनीतही स्वस्त उन्हाळी तंबू आणि महागडा ट्रेकिंगचा तंबू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून नुसता ब्रँड चांगला की वाईट हे विचारून उपयोग नाही. त्या विशिष्ट मॉडेलबद्दल कंपनी काय लिहून द्यायला तयार आहे, ते पाहावं.

बॅगेवर कम्फर्ट आणि लिमिट वेगवेगळे छापलेत का आणि मानकाचा क्रमांक दिलाय का? तंबूच्या फ्लायचा आणि तळाचा आकडा वेगळा दिलाय का, शिवणींवर पट्टी असल्याचं लिहिलंय का? 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' हे शब्द कुणीही छापू शकतं. मिलिमीटरचा आकडा चाचणीत खोटा ठरू शकतो, म्हणून तो छापणारी कंपनी काहीएक जबाबदारी घेत असते.

दुसरी कसोटी सुट्या भागांची. तंबूत सर्वांत आधी मोडतात ते पोल. फायबरग्लासचा पोल स्वस्त असतो, पण वाऱ्यात तडकून उभा चिरतो आणि त्याच्या काचेसारख्या कुसा हातात घुसतात. अॅल्युमिनियमचा पोल आधी वाकतो, त्यावर छोटी नळी सरकवून रात्र काढता येते. कुठलाही असो, एक तुकडा बदलून मिळतो का, हे खरेदीआधी विचारावं. डेकॅथलॉनमध्ये बऱ्याच मॉडेलांचे पोल, खुंट्या आणि दुरुस्तीची सामग्री वेगळी मिळते, आणि तंबू उभारून पाहण्याची सोयही अनेक दुकानांत असते. निनावी तंबूचा पोल मोडला की अख्खा तंबू निकामी होतो.

तिसरी कसोटी वॉरंटीची, आणि ती कुणाकडून मिळते याची. परदेशी ब्रँडची वॉरंटी भारतातला अधिकृत विक्रेता मानणार का, हे बिलावर लिहून घ्यावं. ऑनलाइन खरेदीत ती बहुतेक वेळा विक्रेत्याच्या सात-दहा दिवसांच्या परतीपुरतीच असते. गच्चीवरची चाचणी लगेच करायची ती यासाठी.

पावसाळ्यातलं कपाट

मुंबई, कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांचे तंबू वापरापेक्षा जास्त कपाटात खराब होतात. पॉलियुरेथेनचा लेप ओलावा आणि उष्णता यांच्या संगतीत हळूहळू विघटित होतो. तंबू किंचित ओला असताना गुंडाळून माळ्यावर टाकला आणि वर पावसाळ्याचे चार महिने गेले की तो उघडताना चिकट लागतो, आंबूस वास येतो आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. त्यावर दुरुस्ती नाही, कितीही नामांकित कंपनीचा असला तरी. जुना किंवा भाड्याचा तंबू घेताना आधी वास घ्यावा आणि फ्लायची आतली बाजू बोटांनी चोळून पाहावी. चिकट लागला तर सोडून द्यावा.

ट्रेकहून आल्यावर तंबू पंख्याखाली पूर्ण वाळवावा. थेट कडक उन्हात फार वेळ ठेवू नये, उन्हानेही कापड कुजतं. मग त्याच्या तंग पिशवीत न कोंबता सुती पिशवीत सैल ठेवावा. स्लीपिंग बॅगेलाही हाच नियम. छोट्या पिशवीत महिनोन् महिने दाबून ठेवलेला कापूस किंवा पिसं पुन्हा नीट फुलत नाहीत. पाच अंशांची बॅग हळूहळू पाच अंशांची राहत नाही आणि लेबलावर मात्र पाचच छापलेलं राहतं.

आता त्या नाशिकच्या जोडप्याकडे समजा पंधरा हजार रुपये आहेत. बहुतेक लोक त्यातले दहा हजार तंबूवर घालतात आणि उरलेल्यात जमतील तशा बॅगा घेतात. मी क्रम उलटा ठेवीन. आधी दोघांसाठी चांगल्या फोमच्या मॅट, कारण त्यांच्याशिवाय बॅगेचा आकडा खोटा पडतो. मग तिच्यासाठी कम्फर्ट ५ ची आणि त्याच्यासाठी कम्फर्ट १० च्या आतली, मानक छापलेली, कापसाची बॅग. उरलेल्या पैशांत दोन हजारांचा, जमिनीपर्यंत येणारा फ्लाय आणि शिवणींवर पट्टी असलेला साधा तंबू. पोल फायबरग्लासचे असले तरी चालतील, फक्त सुटे मिळायला हवेत. एवढ्या पैशांत हे सगळं बसत नसेल तर तंबू भाड्याने घ्यावा. भंडारदरा आणि पवनेच्या गावांत तो मिळतो, आणि तिथे एका रात्रीत त्याची शिवण, वास आणि तळ तपासून घेता येतो. बॅग आणि मॅट मात्र स्वतःच्याच असाव्यात. भाड्याच्या बॅगेवर कुठलाही आकडा छापलेला असला तरी ती किती पावसाळे दाबून ठेवलेली आहे, हे तो आकडा सांगत नाही.